टेबलक्लॉथचा कोपरा आणि मोजपट्टी

ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये एक टेबल करावं, त्यावर कापडाचा चौकोन ठेवावा आणि प्ले दाबावं. पहिल्या काही प्रयत्नांत बहुतेकांना तीनपैकी एक दृश्य दिसतं. कापड टेबलातून आरपार निघून जातं, किंवा रबराच्या पत्र्यासारखं ताणून जमिनीकडे लोंबतं, किंवा लाकडापासून दोन बोटं वर अधांतरी बसतं. मग सेटिंगमधले आकडे अंदाजाने कमीजास्त करणं सुरू होतं आणि त्यात संध्याकाळ जाते. खरं तर या प्रत्येक चुकीचं कारण वेगळं आहे, आणि ते मोजून ओळखता येतं. त्यासाठी एकच साधं उदाहरण शेवटपर्यंत नेऊ या.

टेबल 120 सेंटीमीटर लांब, 80 सेंटीमीटर रुंद आणि 75 सेंटीमीटर उंच आहे. कापड 180 बाय 140 सेंटीमीटर, म्हणजे चारही बाजूंना 30 सेंटीमीटर खाली लोंबणारं. हे आकडे मुद्दाम ठरवून घ्यावेत, कारण पुढचा सगळा निवाडा त्यांच्यावरच होणार आहे. ब्लेंडरमधला एक एकक म्हणजे एक मीटर, तेव्हा टेबलाचा वरचा पृष्ठभाग 0.75 उंचीवर येतो.

संगणकातलं कापड म्हणजे बिंदूंची जाळी. दोन शेजारच्या बिंदूंमध्ये एक कल्पित स्प्रिंग असते, आणि स्प्रिंगांचे प्रकार वेगवेगळे असतात. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणाला विरोध करणाऱ्या स्प्रिंगचं बळ Tension या आकड्यात असतं, दाबाला विरोध करणारीचं Compression मध्ये. चौकोन तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा होऊ नये म्हणून विरोध करते ती Shear. कापड दुमडू नये म्हणून विरोध करते ती Bending. प्रत्येक क्षणी गुरुत्वाकर्षण बिंदूंना खाली ओढतं, स्प्रिंगा त्यांना परत खेचतात, आणि या ओढाताणीतून पुढची जागा काढली जाते. कडक स्प्रिंगांचं हे गणित पूर्वी अगदी बारीक पावलांनी करावं लागे, नाहीतर सगळं उधळून जाई. 1998 मध्ये डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी मोठी पावलं टाकूनही गणित स्थिर ठेवण्याची रीत दाखवली, आणि ब्लेंडरचं कापडही त्याच वाटेने चालतं.

जाळी आणि माप

कापडासाठी साधा Plane घेतला तर त्याला चारच बिंदू असतात आणि तो कुठेच वाकू शकत नाही. म्हणून Grid घ्यावा, X दिशेने 72 आणि Y दिशेने 56 विभागांचा. तो मुळात 2 मीटरचा असतो. त्याला X मध्ये 0.9 पट आणि Y मध्ये 0.7 पट केलं की 1.8 बाय 1.4 मीटरचा चौकोन मिळतो आणि प्रत्येक घर बरोबर अडीच सेंटीमीटरचं होतं.

यानंतर Ctrl+A दाबून Scale लागू करणं विसरू नये. ते केलं नाही तर ही 0.9 आणि 0.7 ची पट वस्तूवर तशीच लटकत राहते, आणि पुढे दिलेली अंतरं आणि बळं अपेक्षेप्रमाणे वागत नाहीत. टेबलाच्या फळीलाही तोच नियम. फळी 4 सेंटीमीटर जाड ठेवावी आणि तिच्या कडा Bevel ने सुमारे 1 सेंटीमीटर गोल कराव्यात. धारदार कडेवर अडीच सेंटीमीटरची घरं नीट वळत नाहीत, धार कापडातून डोकावते.

कोपरे कुठे टाचायचे

टाचणीचं काम ब्लेंडरमध्ये बिंदूंच्या गटाने होतं. Edit Mode मध्ये बिंदू निवडायचे, त्यांचा Vertex Group करायचा, वजन 1 ठेवून Assign करायचं, आणि मग कापडाच्या Physics मधल्या Shape विभागात Pin Group म्हणून तो गट निवडायचा. एवढं झालं की ते बिंदू गणितातून बाहेर पडतात. ते जिथे ठेवले तिथेच राहतात, बाकीचं कापड त्यांच्याभोवती पडतं.

गफलत होते ती ‘कोपरे’ म्हणजे कुठले कोपरे, यात. कापडाचे स्वतःचे चार कोपरे टाचले तर ते हवेत अडकून राहतात आणि कापडाची झोळी होते. टेबलक्लॉथला ते चालणार नाही. आपल्याला टाचायचं आहे ते कापड टेबलाच्या कोपऱ्यांवर जिथे टेकतं तिथे, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये चादर सरकू नये म्हणून टाचणी लावतात त्या जागी. टेबलाचा कोपरा केंद्रापासून 60 आणि 40 सेंटीमीटरवर आहे. तिथली कड आपण गोल केली आहे, म्हणून एक घर आत यावं: 57.5 आणि 37.5 सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरच्या जाळीत त्या जागी नेमका बिंदू असतो. N दाबून उघडणाऱ्या पट्टीत त्याचे आकडे तपासून असे चार बिंदू निवडावेत.

टाचलेला बिंदू जिथे ठेवला तिथेच राहतो, या नियमाचा दुसरा परिणाम उंचीवर होतो. सवयीने कापड टेबलाच्या वीसेक सेंटीमीटर वर ठेवलं जातं. मग चार बिंदू तिथेच लटकतात आणि कापडाचा तंबू होतो. म्हणून टाचलेलं कापड सुरुवातीलाच जवळजवळ टेबलावर टेकवून ठेवायचं. किती जवळ, हे टकरीच्या सेटिंगवर ठरतं.

वरून हळूहळू खाली येणारं कापड दाखवायचं असेल, तर टाचलेल्या बिंदूंना Hook लावून ते एका Empty ला जोडावेत आणि त्या Empty ला हलवावं. यासाठी Hook हा मॉडिफायर यादीत Cloth च्या वर असला पाहिजे.

टक्कर: अंतर आणि वेग

टेबलाच्या फळीला Physics मध्ये Collision द्यावं लागतं, नाहीतर कापडाच्या लेखी टेबल अस्तित्वातच नसतं. टेबलाचे पाय कोपऱ्याला लागूनच असतील तर आत वळणाऱ्या चुण्या त्यांना भिडतात, म्हणून त्यांनाही Collision द्यावं.

टक्कर प्रत्यक्ष स्पर्शाने होत नाही. पृष्ठभागाभोवती एक अदृश्य पट्टा धरलेला असतो आणि कापड त्या पट्ट्यात शिरलं की त्याला बाहेर ढकललं जातं. हा पट्टा दोन ठिकाणांहून बनतो. टेबलाच्या बाजूने Thickness Outer, जो मुळात 0.02 मीटर असतो, आणि कापडाच्या बाजूने Object Collisions मधला Distance, जो मुळात 0.015 असतो. दोन्ही मिळून साडेतीन सेंटीमीटर झाले. मोठ्या दृश्यात ते खपून जातं, पण 4 सेंटीमीटर जाडीच्या फळीवर कापड तरंगताना स्पष्ट दिसतं. अधांतरी कापडाचं कारण हेच. दोन्ही आकडे 0.005 करावेत, म्हणजे पट्टा 1 सेंटीमीटरचा होतो, आणि कापड 0.762 उंचीवर ठेवावं. तसं ते पट्ट्याच्या किंचित वर सुरू होतं. टाचलेले बिंदू पट्ट्याच्या आत ठेवले तर टेबल त्यांच्या शेजाऱ्यांना बाहेर ढकलत राहतं, टाचणी त्यांना आत ओढत राहते, आणि टाचणीच्या आसपासचं कापड सतत थरथरतं. तशी थरथर दिसली तर आधी उंची तपासावी.

पट्टा बारीक केला की आरपार जाण्याचा धोका वाढतो, आणि त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा कापड 50 सेंटीमीटर वरून सोडलं. टेबलाला भिडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 3 मीटर असेल. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये ते 13 सेंटीमीटर कापतं. Quality Steps हा आकडा मुळात 5 असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे पाच तुकडे होतात आणि एका तुकड्यात अडीच सेंटीमीटरांहून जास्त अंतर जातं. पट्टा तर 1 सेंटीमीटरचा आहे. पट्ट्यात पकडलं जाण्याआधीच एखादा बिंदू तो ओलांडून पलीकडे पोचू शकतो. एका पावलातलं अंतर पट्ट्यापेक्षा कमी राहिलं पाहिजे, हे सूत्र धरून चालावं. त्यासाठी एकतर पावलं वाढवायची किंवा उंची कमी करायची. आपलं कापड टेबलाला जवळजवळ टेकूनच सुरू होत असल्याने हा प्रश्न बराचसा मिटतो. तरीही Quality Steps 10 ठेवावेत, कारण लोंबणाऱ्या कडा बऱ्याच वेगाने खाली येतात.

इतकं करूनही कापड एखाद्याच बाजूने आत शिरत असेल तर फळीचे पृष्ठभाग उलटे असण्याची शक्यता असते. Edit Mode मध्ये सगळं निवडून Shift+N दाबलं की ते बाहेरच्या बाजूला वळतात.

कोपऱ्यांत कापड स्वतःवरच दुमडतं, म्हणून Self Collisions सुरू करावं आणि त्याचं Distance सुद्धा 0.005 ठेवावं. हे अंतर जाळीच्या घरापेक्षा, म्हणजे इथे अडीच सेंटीमीटरपेक्षा, बरंच लहान हवं. ते घराच्या जवळ गेलं तर शेजारचे बिंदूच एकमेकांना ढकलू लागतात आणि कापड चुरगळून उसळतं.

ताठपणाचे आकडे

आता मुख्य प्रश्न: आकडे किती ठेवायचे? ब्लेंडरबरोबर येणारे तयार नमुने एकमेकांशेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. रेशमासाठी Tension 5 आहे, सुती कापडासाठी 15, डेनिमसाठी 40, चामड्यासाठी 80. पहिल्यात आणि शेवटच्यात सोळा पटींचा फरक. Bending मात्र रेशमाला 0.05, सुतीला 0.5, डेनिमला 10 आणि चामड्याला 150. हा फरक तीन हजार पटींचा आहे.

यातून कापडाचा स्वभाव कळतो. अंगावरचं किंवा टेबलावरचं विणलेलं कापड स्वतःच्या वजनाने जवळजवळ ताणलं जात नाही, मग ते रेशीम असो की डेनिम. मलमल आणि सोलापुरी चादर यांत जो फरक नजरेला दिसतो तो दुमडण्यातला आहे. मलमलीला बारीक आणि पुष्कळ चुण्या पडतात, चादरीला मोजक्या आणि रुंद. म्हणून Tension आणि Compression एकदा पुरेसे ठेवावेत आणि मग त्यांना हात लावू नये. कापडाची जात ठरवायची ती Bending ने.

मात्र हे आकडे प्रयोगशाळेतली मापं नाहीत. याचा पुरावा वजनातच आहे. Vertex Mass मुळात 0.3 किलो असतं आणि ते प्रत्येक बिंदूचं वजन आहे. आपल्या जाळीत 73 बाय 57, म्हणजे 4161 बिंदू आहेत. गुणाकार केला तर टेबलक्लॉथ साडेबाराशे किलोंचा निघतो! खऱ्या सुती कापडाचं वजन चौरस मीटरला 150 ग्रॅम धरलं तर तेवढं कापड 400 ग्रॅमसुद्धा भरत नाही. तरी चित्र ठीक दिसतं, कारण तयार नमुन्यांतली बळं त्या वजनाला जुळवूनच बसवलेली आहेत. महत्त्व आहे ते वजन आणि बळ यांच्या प्रमाणाला.

रबरी कापडाचं कोडं इथेच सुटतं. जास्त बारीक चुण्या हव्यात म्हणून जाळी दुप्पट दाट केली की बिंदू चौपट होतात, आणि आकडा तोच ठेवला तर वजनही चौपट होतं. स्प्रिंगा तेवढं वजन पेलत नाहीत आणि कापड लोंबू लागतं. म्हणून घर अर्धं केलं तर Vertex Mass चौथाई करून पाहावं, किंवा Tension आणि Quality Steps वाढवावेत. नुसता गुळगुळीतपणाच हवा असेल तर जाळी दाट करूच नये. मॉडिफायर यादीत Cloth च्या खाली Solidify देऊन एखादा मिलिमीटर जाडी द्यावी आणि त्याखाली Subdivision Surface ठेवावा. गणित मोजक्या बिंदूंवर होतं आणि डोळ्याला मात्र तलम कापड दिसतं.

आपल्या टेबलासाठी सुरुवात अशी करावी: Vertex Mass 0.3, Tension आणि Compression 40, Shear 15, Bending 0.5. Cache चा End 120 ठेवला तर कापडाला स्थिरावायला पाच सेकंद मिळतात. प्रत्येक बदलानंतर पहिल्या फ्रेमवर परत जाऊनच प्ले करावं. मधल्या फ्रेमवर उडी मारली तर दिसणारं चित्र भरवशाचं नसतं.

दोन उंच्या मोजा

कापड स्थिरावलं की ते ‘बरं दिसतं का’ यापेक्षा नेमका प्रश्न विचारता येतो. कापड टेबलापासून 1 सेंटीमीटर वर, म्हणजे 0.76 उंचीवर बसलं आहे आणि काठ 30 सेंटीमीटर लोंबतो. तेव्हा लांब बाजूच्या मध्यावर काठ 0.46 च्या आसपास यायला हवा. गोल कडेवरून वळताना थोडा फरक पडेल, पण काठ 0.42 पर्यंत उतरला असेल तर कापड ताणलं गेलं आहे. मग Tension वाढवायचा. काठ 0.46 च्या बराच वर बाहेरच्या बाजूला तरंगत असेल, तर Bending जास्त आहे.

दुसरी उंची कापडाच्या टोकाची. टेबलाच्या कोपऱ्यापासून कापडाचं टोक तिरक्या रेषेत 42.4 सेंटीमीटर दूर आहे, 30 बाय 30 च्या चौकोनाचा कर्ण. म्हणजे न ताणलेलं कापड 0.336 च्या खाली जाऊच शकत नाही. चुण्यांमुळे ते थोडं वरच राहील. टोक 0.30 वर दिसलं तर कर्ण 46 सेंटीमीटर झाला, म्हणजे कापड तिरकं आठ-नऊ टक्के लांबलं.

आता या दोन मोजमापांमधला फरक पाहा. बाजूच्या मध्यावर कापड धाग्यांच्या सरळ दिशेने लोंबतं, तिथे Tension काम करतं. कोपऱ्यावर ते शिंप्यांच्या भाषेत उरेब लोंबतं, धाग्यांच्या तिरक्या दिशेने, आणि तिथे कामाला येतं ते Shear. शिवणकाम करणाऱ्याला माहीत असतं की विणलेलं कापड उरेब ओढलं की सहज लांबतं. त्यामुळे कोपरा थोडा जास्त उतरणं खोटं नाही. पण मध्यावरची उंची बरोबर असून टोक फारच खाली गेलं असेल, तर दोष Shear चा आहे. अशा वेळी Tension वाढवून काही उपयोग होत नाही. दोन्ही उंच्या खाली गेल्या असतील तर वजन आणि Tension यांचं प्रमाण बिघडलेलं आहे.

कोपऱ्याकडे आणखी एका कारणासाठी बारकाईने पाहावं. सपाट कापड एकाच वेळी दोन दिशांना वळू शकत नाही. दोन बाजूंनी खाली येणाऱ्या काठांच्या मध्ये जो चौकोन शिल्लक राहतो, त्याला जागा नसते, म्हणून तो बाहेरच्या बाजूला घडी होऊन उभा राहतो. Bending 0.05 असेल तर ही घडी बारीक होऊन मिटते, 10 असेल तर तिचा रुंद शंकू होतो. टेबलाच्या चार कोपऱ्यांवर हा शंकू जितका पसरलेला, तितकं कापड ताठ, हे खऱ्या टेबलावरही पाहता येतं.

घरच्या कापडाशी जुळवणी

Bending साठी एखाद्या विशिष्ट कापडाची नक्कल हवी असेल तर जुनी युक्ती उपयोगी पडते. मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतले एफ. टी. पियर्स यांनी 1930 मध्ये कापडाचा ताठपणा मोजण्याची साधी पद्धत मांडली. कापडाची पट्टी आडव्या कडेवरून पुढे सरकवत जायची. तिचं टोक आडव्या रेषेपासून 41.5 अंश खाली उतरलं की थांबायचं. जेवढी पट्टी बाहेर आली, तिची निम्मी लांबी हे त्या कापडाच्या ताठपणाचं माप. वस्त्रोद्योगात ही चाचणी अजूनही केली जाते.

मऊ सुती कापड मात्र चार-पाच सेंटीमीटरवरच वाकतं, आणि आपल्या जाळीत तेवढ्या लांबीला दोनच घरं मिळतात. म्हणून चाचणी थोडी बदलून घ्यावी. जे कापड दाखवायचं आहे त्याची अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी टेबलाच्या कडेबाहेर 10 सेंटीमीटर काढावी, मागचा भाग पुस्तकाखाली दाबावा, आणि टोक कडेपासून किती पुढे आणि किती खाली आलं ते फूटपट्टीने मोजावं. मग ब्लेंडरमध्ये त्याच अडीच सेंटीमीटर घरांची पट्टी करावी. मागच्या दोन ओळी टाचाव्यात आणि पुढे चार घरं मोकळी सोडावीत. टोक खऱ्यापेक्षा खाली गेलं तर Bending दुप्पट करावं, वर राहिलं तर निम्मं. पट्टीचं गणित क्षणात होतं, त्यामुळे अशा थोड्याच फेऱ्यांत जुळणारा आकडा मिळतो, आणि तोच टेबलक्लॉथला द्यायचा.

या आकड्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. तो अडीच सेंटीमीटरच्या घरासाठी आणि 0.3 वजनासाठी काढलेला आहे. यातलं काहीही बदललं की कापडही बदलतं, आणि पट्टीची चाचणी पुन्हा करावी लागते. म्हणून आपलं कापड पुढच्या कामासाठी जपून ठेवताना नुसतं ‘सुती, Bending 0.5’ असं लिहू नये. घराचं माप, बिंदूचं वजन आणि Quality Steps हेही सोबत लिहावं. चारही आकडे सोबत असतील तर वर्षभरानंतर दुसऱ्या टेबलावरही तेच कापड तसंच पडेल.